सेफ्टी शॉवरखालून पळालेला माणूस

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. आमच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या पंपाचं ग्लँड, म्हणजे गळती रोखणारा भाग, उडालं आणि एका हेल्परच्या मानेवर आणि दंडावर कातडी भाजणारं ते द्रावण आलं. शिकवल्याप्रमाणे तो धावत अंगावरचं रसायन धुण्यासाठीच्या सेफ्टी शॉवरखाली गेला, दांडा ओढला आणि दुसऱ्याच क्षणी ओरडत बाहेर आला. पाणी चटका बसेल इतकं तापलेलं होतं. शेवटी शेजारच्या लॅबच्या नळाला होज लावून त्याला पंधरा मिनिटं धुतलं. मानेवरचा डाग मात्र राहिला.

मेंटेनन्स माझ्याकडे होता. दर सोमवारची तपासणी रजिस्टरमध्ये होती, सगळीकडे ‘ओके’. पण ती व्हायची सकाळी आठला, रात्रभर गार झालेल्या पाण्यावर, तेही जेमतेम दहा सेकंद.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अडीचलाच थर्मामीटर आणि २० लिटरची बादली घेऊन उभा राहिलो. पाणी ५१ अंश. शॉवरचं पाणी साधारण १६ ते ३८ अंशांत हवं. बादली भरायला ५० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला २४ लिटर. लागतात ७६, म्हणजे तीच बादली १६ सेकंदांत भरायला हवी. टाकीपासून शॉवरपर्यंत सव्वा इंची जीआय पाइप, ४० मीटर, पत्र्यावरून उघडा गेलेला. त्यात सुमारे ४० लिटर पाणी उन्हात तापत पडलेलं. पुरेसा फ्लो असता तर ते अर्ध्या मिनिटात निघून गेलं असतं. आमच्याकडे त्याला १०० सेकंद लागत होते. आणि त्यामागून येणारं काळ्या टाकीतलं पाणीही ४१ अंश!

फ्लो कुठे अडत होता? टाकीच्या तोंडाशी कुणीतरी दुरुस्तीत अर्धा इंची व्हॉल्व्ह बसवला होता. तो बदलूनही टाकीच्या ६ मीटर उंचीने जेमतेम ०.६ बार दाब मिळत होता. आमच्या शॉवरला सुमारे २ बार लागतो. म्हणून टाकीचा नाद सोडून जमिनीखालच्या टाकीवरच्या प्रेशर पंपाची लाइन घेतली, पाइप जमिनीत गाडला, वर येणाऱ्या भागाला इन्सुलेशन केलं. शॉवरजवळ एक व्हॉल्व्ह बसवला, जो पाणी ३५ अंशांवर गेलं की लाइनमधलं पाणी आपोआप सोडून देतो. पंपाला डिझेल जनरेटरचा सप्लाय दिला, कारण लाइट गेल्यावरही शॉवर चालायला हवा.

मग शॉवर आणि त्याच्याजवळचा डोळे धुण्याचा आयवॉश एकदम उघडून पूर्ण पंधरा मिनिटांची चाचणी घेतली. आयवॉशच्या दोन्ही धारा शेवटपर्यंत सारख्या उंचीच्या राहिल्या. पण पाचव्या मिनिटाला पाणी पॅनेल रूमच्या केबल ट्रेंचकडे निघालं. नुसत्या शॉवरचंच ११४० लिटर पाणी होतं आणि खाली दोन इंची जाळी! शिवाय त्या जाळीखालचा पाइप पावसाच्या गटाराला जोडलेला. खऱ्या अपघातात कॉस्टिकचं पाणी थेट नाल्यात गेलं असतं. लादीचा उतार फिरवून चार इंची लाइन ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, कलेक्शन पिटला नेली.

आता तपासणी दुपारी अडीचला होते. रजिस्टरमध्ये ‘ओके’चा रकाना नाही, तापमान आणि बादली भरायला लागलेले सेकंद लिहायचे.