आमची वाटचाल: लॉगमध्ये न दिसलेले साडेतीन रुपये

२००९ मध्ये भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून आम्ही सुरुवात केली. मशीन मिस्टर आणि भाऊजी बघायचे आणि मी घरी डायनिंग टेबलवर बिलं लिहायचे, एवढीच कंपनी. आज आम्ही शाफ्ट आणि बुश करतो, सहा सीएनसी आहेत, २०१७ ला प्रायव्हेट लिमिटेड झालो आणि २०१९ ला इथल्याच एका छोट्या व्हेंडरकडून ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर आणि हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं. मशीनची आणि ऑर्डरींची गोष्ट भाऊजी जास्त चांगली सांगतील, मी ऑफिस बघते त्यामुळे माझ्या वाट्याला आलेला भाग लिहिते, तो म्हणजे ऑडिट ट्रेल.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांसाठी नियम लागू झाला की अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल राहिला पाहिजे, म्हणजे काय बदललं, कधी बदललं याची नोंद झाली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. आधी २०२१ पासून येणार होता तो दोनदा पुढे ढकलला गेला, त्यामुळे आम्ही पण निवांत होतो. आमच्या सीएंनी विचारलं तेव्हा मी व्हेंडरला फोन लावला, तो म्हणाला मॅडम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग आहे, ऑन आहे, काळजी करू नका. मी पण सीएंना तेच सांगून टाकलं.

त्याच वर्षी आम्ही इंटर्नल ऑडिटर नेमल्या. कायद्याने आम्हाला लागत नाही, प्रायव्हेट कंपनीला ते २०० कोटी टर्नओव्हर किंवा १०० कोटींच्या वर कर्ज असेल तर लागतं आणि आम्ही त्याच्या आसपास पण नाही, पण खरेदी वाढली होती आणि मला एकटीला सगळं बघणं होत नव्हतं. ऑडिटर मॅडम आल्या. मी आदल्या रात्री बसून लॉगचे स्क्रीनशॉट काढून, एक्सेल शीट नीट रंगवून फाइल तयार ठेवली होती. त्यांनी ती उघडली पण नाही. म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही काढलंय, यातून काय वगळलंय ते मला कसं कळणार? माझ्यासमोर रिपोर्ट काढा."

मग मी लॉगिन केलं आणि त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. कुठला रिपोर्ट उघडला, तारीख कुठून कुठपर्यंत टाकली, कुठला फिल्टर लागलाय, सगळं त्यांनी वहीत लिहिलं. स्क्रीनवर खाली ओळींची संख्या आली ३,४१२ आणि एक्सेलमध्ये डाउनलोड केल्यावर आल्या ३,०००. एक्सपोर्टला ३,००० ची मर्यादा होती आणि आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या रंगवलेल्या शीटमध्ये ४१२ बदल नव्हतेच. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ऑडिटरला आधी यादी पूर्ण आहे याचा पुरावा लागतो, त्या यादीतले नमुने तपासायचं काम त्याच्यानंतर.

दुसरी गोष्ट वेळेची निघाली. एका एंट्रीवर पहाटे ३:१५ ची वेळ होती आणि नाव होतं स्टोअरच्या काकांचं. काका आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, मला त्यांच्याबद्दल शंका येणं शक्यच नव्हतं, पण मॅडमनी हजेरीचं रजिस्टर मागितलं आणि त्यात त्या दिवशी काका ८:३० ला आले होते. सर्व्हर यूटीसीवर चालत होता, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, म्हणजे ती एंट्री सकाळी ८:४५ ची. हजेरी रजिस्टर नसतं तर हे इतकं पटकन सुटलं नसतं. त्यांनी सर्व्हरच्या घड्याळाचं सेटिंग पण पाहिलं आणि त्याचा फोटो कागदपत्रांत लावला, नुसत्या माझ्या बोलण्यावर सोडलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मॅडम दोन्ही बाजूंनी तपासतात. लॉगमधला एक बदल घेऊन त्याचा कागद शोधतात, आणि उलट कागद हातात घेऊन तो लॉगमध्ये दिसतोय का ते पण बघतात. पहिली बाजू आम्ही कशीबशी निभावली. दुसऱ्या बाजूला अडकलो.

१२ ऑगस्ट २०२३ ची पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर होती, ईएन८ स्टीलचे राउंड बार, २,४०० किलो, ६८ रुपये किलो. ही पीओ सप्लायरला मेलने गेली होती आणि मॅडमनी मेलमधली पीडीएफ घेतली, सिस्टममधून नवीन प्रिंट काढून घेतली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सिस्टममधून आज प्रिंट काढली तर आजचा रेट छापून येतो. पीडीएफमध्ये ६८ आणि ईआरपीमध्ये त्याच पीओला ७१.५०. फरक साडेतीन रुपये, २,४०० किलोवर ८,४०० रुपये. रेट बदललाय हे डोळ्यांनी दिसत होतं आणि लॉगमध्ये त्या पीओची एकही ओळ नव्हती.

मी व्हेंडरला फोन केला, आधी तो म्हणाला असं होऊच शकत नाही, मग खरेदीच्या मुलाला समोर बसवून शांतपणे विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. माल ३० ऑगस्टला आला, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, बिल आलं ७१.५० ने. पीओचा रेट आणि बिलाचा रेट जुळत नाही म्हणून ईआरपीने बिल अडवलं, जे त्याचं कामच आहे. सप्लायर फोनवर म्हणाला रेट वाढलाय. जीआरएन झालेल्या पीओचा रेट स्क्रीनवरून बदलता येत नाही, म्हणून याने व्हेंडरच्या सपोर्टला फोन करून सांगितलं की रेट दुरुस्त करून द्या, आणि सपोर्टवाल्याने २ सप्टेंबरला रिमोटने येऊन थेट डेटाबेसमध्ये अपडेट मारला. बिल पास झालं, पेमेंट गेलं. मुलाच्या मनात काही नव्हतं, त्याला लाइनवर कामाला माल द्यायची घाई होती.

लॉग खोटा नव्हता, बंद पण नव्हता. पण तो ईआरपीच्या स्क्रीनमधून होणारे बदलच लिहायचा, डेटाबेसमध्ये मागच्या दाराने जे व्हायचं ते त्याला कळतच नव्हतं. आणि मग मॅडमनी एक मुद्दा अजून काढला, की स्क्रीनमधून बदल केला तरी पीओसाठी लॉगमध्ये फक्त "PO modified" एवढंच यायचं, जुना रेट किती आणि नवा किती हे नाही. त्या म्हणाल्या, "बदल झाला हे कळून मला उपयोग नाही, कशाचं काय झालं ते दाखवा." याला उत्तर नव्हतं.

सप्लायरचं रेट वाढीचं पत्र शोधलं तर ते ४ सप्टेंबरचं निघालं आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नवा रेट १ सप्टेंबरनंतर निघणाऱ्या मालाला. आमचा माल तर ३० ऑगस्टला गेटवर आलेला. म्हणजे ६८ च बरोबर होता. ८,४०० ची डेबिट नोट काढली आणि सप्लायरने काही न बोलता मान्य केली.

यानंतर काय केलं ते नीट सांगते कारण मला बऱ्याच जणांनी विचारलंय. आधी व्हेंडरच्या सपोर्टला डेटाबेससाठी वेगळं लॉगिन दिलं, `erp_support`. आधी ईआरपी आणि सपोर्ट दोघं एकाच पासवर्डने डेटाबेसमध्ये शिरायचे, तसं असेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. मग पीओच्या ओळींच्या टेबलवर एक ट्रिगर, म्हणजे टेबलमध्ये बदल झाला की डेटाबेस स्वतःच चालवतो असा छोटा कोड, बसवून घेतला, आमचं एसक्यूएल सर्व्हर आहे म्हणून त्यातला:

```sql
CREATE TRIGGER trg_POLine ON dbo.PO_Line
AFTER UPDATE AS
INSERT INTO dbo.PO_Line_Log
  (LineID, OldRate, NewRate, ChangedBy, ChangedAt)
SELECT d.LineID, d.Rate, i.Rate,
  ORIGINAL_LOGIN(), SYSDATETIMEOFFSET()
FROM deleted d
JOIN inserted i ON i.LineID = d.LineID
WHERE d.Rate <> i.Rate;
```

रेट स्क्रीनवरून बदला नाहीतर मागून स्क्रिप्टने बदला, जुना रेट, नवा रेट, कुठल्या लॉगिनने आणि कधी, हे इथे पडतं, वेळेबरोबर यूटीसीपासूनचा फरक पण पडतो त्यामुळे ३:१५ वाला घोळ होत नाही. स्क्रीनवरचे सगळे बदल ईआरपीच्या स्वतःच्या लॉगिनच्या, `erp_app` च्या नावाने येतात, त्यात माणूस कोण हे ईआरपीच्या लॉगमधून जोडावं लागतं. `erp_support` च्या नावाने आलेली प्रत्येक ओळ मात्र मागच्या दाराची, तिला माझी लेखी परवानगी असलीच पाहिजे.

याची मर्यादा पण मॅडमनीच दाखवली. ज्याच्याकडे सर्व्हरचे पूर्ण अधिकार आहेत तो ट्रिगर बंद करून, काम करून, परत चालू करू शकतो. म्हणून पूर्ण अधिकाराचा पासवर्ड व्हेंडरकडून काढून घेतला आणि बंद पाकिटात भाऊजींच्या कपाटात आहे, पाकीट उघडलं तर तारीख आणि कारण पाकिटावरच लिहायचं. `erp_support` ला लॉगच्या टेबलवर काही पुसायचा किंवा बदलायचा अधिकार नाही, ट्रिगरला हात लावायचा पण नाही. ऑडिटर दर वेळी अधिकारांची यादी सर्व्हरवरून समोर काढायला लावतात, त्या यादीत एकही नवं नाव दिसलं तर ते का आलं याचा मेल मागतात.

एक चूक आमच्याकडून राहून गेली होती ती पण सांगते. हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवायची असतात आणि लॉग पण तितकाच काळ ठेवायचा, हे मला माहीत होतं. पण व्हेंडरने सर्व्हर हलका राहावा म्हणून ९० दिवसांपेक्षा जुना लॉग आपोआप पुसायचं सेटिंग केलं होतं. २०२३ च्या एप्रिल, मे महिन्यांचा लॉग आम्हाला जुन्या बॅकअपमधून काढावा लागला, दोन दिवस गेले, आणि जूनमधले चार दिवस बॅकअपमध्ये पण मिळाले नाहीत. मॅडमनी रिपोर्टमध्ये ते जसंच्या तसं लिहिलं. मी त्यांना लिहू नका असं म्हटलं नाही, कारण नंतर स्टॅच्युटरी ऑडिटरने वर्षभर लॉग चालू होता का, जपून ठेवलाय का असं विचारलं तेव्हा तेच उत्तर द्यायचं होतं.

आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, आमच्या इथे एमआयडीसीची सुट्टी असते तेव्हा, मी आणि भाऊजी चहा घेऊन ट्रिगरचा लॉग काढून बसतो. `erp_support` च्या ओळी एका बाजूला, परवानगीचे मेल दुसऱ्या बाजूला, एकेक जुळवून टिक करायची. मागच्या महिन्यात ११ ओळी होत्या, १० ला मेल सापडला. अकराव्या ओळीत एका बुशच्या कास्टिंगचा रेट १४२ चा १२४ झाला होता. सपोर्टच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, ताई खरेदीवाल्यांनी आकडे उलटे टाकले होते ते मी सरळ केले, मेल टाकायचा राहिला. पीओची मेलमधली पीडीएफ उघडली, त्यात १२४ च होतं. तरी त्याच्याकडून मेल मागवला, आजच्या तारखेचाच, मागची तारीख टाकू नको म्हटलं, आणि टिकच्या जागी लिहून ठेवलं की परवानगी नंतर आली.