मारायचं नाही, ढकलायचं

"मामा, याला मारायची गरजच नाही! एक घर ढकलला की हा आपल्याच भिडूला हाणतोय!"

हे ओरडणारा माझा भाचा दहावीत. बीजीएमआय हा मोबाइलवरचा शूटर सोडून दुसरं काही खेळत नाही. आधी त्याला दुसरा शूटर दिला, तर दहा मिनिटांत "बंदुका बकवास आहेत" म्हणून उडवला. मग शेजारी बसून त्याचा खेळ पाहिला. नेम यथातथाच, पण सुरक्षित झोन कुठे आकसणार हे ओळखून तो सगळ्यांच्या आधी आडोसा धरतो. म्हणजे खरी मजा अंदाज बांधून जागा पकडण्यात.

म्हणून आज 'इन्टू द ब्रीच' दिला. आठ बाय आठचा पट, आपले तीन यंत्रमानव, आळीपाळीने चाल. शत्रू पुढे कुठे वार करणार हे आधीच दिसतं. त्याला मारण्यापेक्षा सरकवणं बरेचदा फायद्याचं, कारण वाचवायच्या असतात त्या इमारती. एका चालीवर पठ्ठ्या चांगली पाच मिनिटं विचार करत होता!

नऊ वाजता मित्रांचा फोन आला आणि स्वारी परत बीजीएमआयवर. साहजिक आहे, 'इन्टू द ब्रीच'मध्ये ना रँक, ना कानात मित्रांची बडबड.

चौघांनी मिळून डोकं लावायचा, बंदुकीशिवायचा एखादा गेम सुचवाल का?