केओटी नंबर ४१७

सीताबर्डीच्या एका हॉटेलात मी वेटर होतो तेव्हाची गोष्ट. वय एकोणीस, गाव काटोलकडचं, बारावीच्या इंग्रजीत काठावर पास. एप्रिल संपत आला होता, पारा ४४ वर. दुपारी तीननंतर हॉलमध्ये चिटपाखरू नसायचं. कॅप्टन मागे जाऊन लवंडायचा आणि सगळी टेबलं माझ्या भरवशावर.

अशा वेळी एक गोऱ्या बाई आल्या. साठीच्या असतील. पेंचला वाघ पाहून आल्या होत्या आणि रात्रीच्या गाडीपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता, हे मला नंतर कळलं. एसीखालच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?"

मला फक्त 'सिट हिअर' कळलं. मी वाकून म्हटलं, "येस मॅडम, येस!"

बाई थबकल्या आणि चक्क दाराजवळच्या टेबलाकडे वळल्या, जिथे झळा येत होत्या. मी धावत जाऊन एसीखालची खुर्ची ओढली आणि पुन्हा "येस, येस" केलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसल्या.

मग पाटवडीवर बोट ठेवून विचारलं, "इज इट हॉट?" आमच्याकडे गार जेवण देणं म्हणजे वेटरची लाजच. मी छाती काढून म्हटलं, "व्हेरी हॉट मॅडम!" त्यांनी मान हलवली आणि दहीभात मागवला. आत जाऊन सांगितलं तर आचारी वैतागला. "काहून?"

"बाईले गरम नाही पाहिजे म्हणते."

"मंग का फ्रीजमधली देऊ?"

दहीभात संपत आला तेव्हा मी जग घेऊन गेलो. "मोअर वॉटर?" त्या म्हणाल्या, "आय ॲम फाइन, थँक्यू." वा, तब्येतीची चौकशी झाली म्हणून मीही म्हटलं, "आय ॲम ऑल्सो फाइन," आणि ग्लास काठोकाठ भरला. थोडं पाणी टेबलक्लॉथवरही सांडलं.

आता बाई मोकळेपणी हसल्या. पण हसून सोडून दिलं नाही. माझ्या खिशातल्या पेनाकडे हात नेला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "डू यू माइंड इफ आय टेक युवर पेन?"

"येस मॅडम."

त्यांनी हात मागे घेतला. चेहरा पाडला, जणू मी हातावर चापट मारली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं 'येस', पुन्हा हात मागे. चौथ्यांदा मी वैतागून म्हटलं, "नो?" त्यांनी चटकन पेन उचललं.

तिथे डोक्यात लख्ख झालं. अरे, ही तर 'हरकत आहे का' म्हणतेय! आपणही असंच विचारतो की: इथं बसलो तर हरकत आहे का? त्यावर 'हो हो' म्हटलं तर पाहुणा बसेल कसा? बारा वर्षं शाळेत 'माइंड म्हणजे मन' पाठ केलं होतं, त्यानंच घोटाळा केला. बाईंनी शिकवलं की नुसतं 'नो'ही तुटक वाटतं, 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं.

मग त्यांनी पेन घेतलंच होतं, तर माझ्या केओटी बुकातली, म्हणजे किचनला ऑर्डर कळवायच्या पावत्यांच्या बुकातली, वरची कोरी पावती फाडून तिच्यामागे चित्रं काढली. वाफ निघणारा कप: हॉट. जीभ बाहेर काढलेला, डोळ्यांत पाणी आलेला माणूस: तोही हॉट! मी कपाळावर हात मारला. बाईंनी त्या माणसाखाली दुसरा शब्द लिहिला, 'स्पायसी', आणि सांगितलं की गोंधळ वाटला तर पाहुण्यालाच उलट विचारायचं, "हॉट ऑर स्पायसी?" 'आय ॲम फाइन' म्हणजे 'पुरे, नको', हे त्यांनी ग्लासवर पालथा हात ठेवून दाखवलं. प्रत्येक वाक्य माझ्याकडून पाच-सहा वेळा म्हणून घेतलं. एकदाही 'राँग' म्हणाल्या नाहीत. चुकलं की स्वतः पुन्हा म्हणायच्या.

मी प्रत्येक चित्राशेजारी देवनागरीत उच्चार लिहीत गेलो. शेवटी त्यांनी वाटीभर रस्सा चाखायला मागवलाच. मी म्हटलं, "नॉट हॉट. व्हेरी, व्हेरी स्पायसी." एक चमचा घेतला आणि बाई थेट चित्रातल्या माणसासारख्या दिसू लागल्या. मी धावत दही आणलं.

निघताना पावती उचलून म्हणाल्या, "डू यू माइंड इफ आय कीप धिस?"

"नॉट ॲट ऑल!" मी इतक्या जोरात म्हणालो की आचारी दारात आला.

रात्री कॅशियरने केओटी जुळवल्या. त्यांना ओळीने नंबर असतात. एक पावती कमी म्हणजे जेवण गेलं आणि बिल नाही फाडलं, असा सरळ संशय. ४१६ होती, ४१८ होती.

"४१७ कुठं आहे बे?" कॅप्टनने विचारलं. "बाईनं नेली," मी सांगितलं.

"अन् तू नेऊ देली?"

किचनकडची डुप्लिकेट बुकातच कोरी सापडली, म्हणून वाचलो. तिच्यावर 'रद्द' लिहून कॅप्टनने सही केली. पुढच्या खेपेला चित्रं पेपर नॅपकिनवर काढायची, असं बजावून तो जेवायला गेला.