पट्टेवाला टाय, भाग पुढचा: शेवटी कळलं की रुंदी कुठे मोजायची

मागच्या भागात माझ्या मरून रंगाच्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या टायबद्दल विचारलं होतं, त्याची गाठ नेव्ही सूटवर कशीही बांधली तरी बारकीच दिसत होती. सापडलं कारण. यावेळी खरं तर लॅपल, म्हणजे कोटाच्या पुढच्या कडेचा दुमडलेला भाग, आणि टायच्या रुंदीचं प्रमाण यावर लिहायचं ठरवलं होतं, पण आता आधी हे.

सेटअप तोच आहे, नेव्ही सूट, लॅपल ९ सेंमी, पांढरा शर्ट, सेमी-स्प्रेड, म्हणजे टोकं मध्यम पसरलेली कॉलर. टायची रुंदी ८.५ सेंमी, म्हणजे लॅपलशी जुळणारी, कागदावर सगळं बरोबर. पण फोर-इन-हँड ही नेहमीची साधी गाठ बांधली की गाठीच्या दोन्ही बाजूंना कॉलरच्या आत रिकामी जागा दिसायची आणि एवढ्या रुंद छातीच्या कोटावर गळ्याशी काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. दुसरा माझा ग्रेनेडाइन टाय, तोही ८.५ चाच, तोच शर्ट, तीच गाठ, आणि तो मस्त भरून बसतो. ग्रेनेडाइनचं विणकाम जाळीदार आणि जाडसर असतं म्हणून फरक पडत असेल असं आपण मागे बोललो होतो, पण तेवढ्याने एवढा फरक पडेल हे मला पटत नव्हतं.

मग दोन्ही टाय टेबलावर शेजारी शेजारी सपाट ठेवले आणि टोकापासून दर १० सेंमीवर रुंदी मोजली. (कापडी टेप नको, ताणला जातो. स्टीलची पट्टी घ्या.) खाली दोन्ही ८.५, २० सेंमीपर्यंत जवळपास सारखेच, आणि तिथून पुढे पट्टेवाला झपाझप निमुळता होत जातो. टोकापासून ५० सेंमीवर ग्रेनेडाइन ६.५ आणि पट्टेवाला फक्त ५.५!

आता ५० सेंमीच का महत्त्वाचं ते सांगतो. टायचं टोक पट्ट्याच्या बकलपाशी यायला हवं, म्हणजे गाठीपासून खाली लोंबणारा भाग प्रत्येक माणसाचा जवळपास ठरलेला असतो, माझा साधारण ४७ सेंमी. गाठीचा जो दर्शनी पदर असतो, शेवटचा आडवा वेढा, तो या लोंबत्या भागाच्या लगेच वरच्या कापडातून येतो. म्हणजे गाठ दिसते ती टोकापासून ५० ते ६० सेंमीच्या दरम्यानच्या कापडाची, टोकाच्या रुंदीचा तिच्याशी संबंध फार थोडा. उंच माणसाची गाठ टायच्या आणखी वरच्या, आणखी अरुंद भागात पडते, म्हणून तोच टाय उंच मित्राच्या गळ्यात बारीक गाठीचा दिसतो. विकणारे मात्र फक्त सगळ्यात रुंद जागेचं माप लिहितात. ज्यांच्याकडून हा घेतला त्यांना ५० सेंमीवरचं माप विचारलं तर उत्तरात पुन्हा ८.५ च आलं. यापुढे मोजपट्टी लावलेला फोटो मिळाल्याशिवाय मी टाय घेणार नाही.

बरं, कारण कळलं, पण टाय तर तोच राहणार. तर गाठ बदलायची.

पहिला सरळ उपाय हाफ-विंडसर ही जास्त रुंद गाठ, तो बहुतेकांनी सुचवलाही होता. कॉलरमधली जागा भरते, हे खरं, पण गाठीचा वरचा भाग रुंद त्रिकोणी होतो आणि त्याच्या खालून ५.५ सेंमीचं चिंचोळं कापड बाहेर पडतं, त्यामुळे गाठ एका टायची आणि खालचा भाग दुसऱ्या टायचा वाटतो. डिंपलही धरत नाही, गाठीखाली घडी पडायला तेवढं कापडच नाही. फुल विंडसरमध्ये हेच सगळं आणखी वाढतं, वर कॉलरची टोकं बाहेर ढकलली जातात आणि टाय बकलच्या चांगलाच वर राहतो. फुल विंडसर टोकं अगदी दूर पसरलेल्या खऱ्या कटअवे कॉलरवरच शोभतो असं माझं ठाम मत आहे, सेमी-स्प्रेडवर तो कॉलरशी भांडतो.

इथे फिंक आणि माओ यांची मांडणी उपयोगी पडली. या दोन केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जास्तीत जास्त नऊ चालींपर्यंतच्या, म्हणजे रुंद टोक नऊ वेळांपर्यंत फिरवून होणाऱ्या ८५ गाठी मोजून काढल्या, पण आपल्या कामाचा त्यातला भाग हा की गाठीचा आकार दोन गोष्टींवर ठरतो, एकूण चाली किती आणि त्यातल्या मध्यावर, म्हणजे गळ्याच्या फासाकडे जाणाऱ्या किती. मध्यावरच्या चाली जास्त असल्या की गाठ रुंद त्रिकोणी होते, कमी असल्या की लांबट आणि निमुळती राहते. हाफ-विंडसर सहा चालींचा, त्यात दोन मध्यावर. व्हिक्टोरियाही सहा चालींचीच, पण मध्यावर फक्त एक! म्हणजे जाडी वाढते पण त्रिकोण होत नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

व्हिक्टोरिया म्हणजे फोर-इन-हँडच, फक्त एक वेढा जास्त. रुंद टोक अरुंदवरून, मग खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून, पुन्हा वरून, मग गळ्याच्या फासातून आतून वर आणि समोरच्या सगळ्यात बाहेरच्या पदराखालून खाली. (दोन्ही पदरांखालून काढलं की प्रिन्स अल्बर्ट होतो आणि आतला वेढा खालून डोकावतो, पट्टेवाल्या टायवर ते गोंधळाचं दिसतं.) पहिला वेढा सैल ठेवायचा, नाहीतर गाठ नुसती लांब नळीसारखी होते. आणि झालं! दोन्ही बाजूंची जागा भरली, गाठ किंचित तिरकी, खाली डिंपल स्वच्छ, टोक बकलवर. आरशासमोरून हलवेना मला. जाड अस्तराच्या टायवर मात्र ही करू नका, गाठ गोळा होऊन पुढे येते. माझ्या टायचं अस्तर पातळ आहे म्हणून जमलं.

मग पट्ट्यांचा प्रश्न समोर आला. शेवटचा वेढा आडवा जातो म्हणून गाठीतले पट्टे खालच्या पट्ट्यांच्या उलट्या दिशेला कललेले दिसतात, ते प्रत्येक गाठीत होणारच. पण माझे पांढरे पट्टे दीड सेंमीचे आणि मध्ये तीन सेंमी मरून, म्हणजे गाठीवर जेमतेम एखादाच पांढरा पट्टा मावतो आणि तो कुठे पडतो यावर सगळं ठरतं. खालच्या काठावर पडला की गाठ मधेच कापल्यासारखी आखूड दिसते, जी जाडी कमावली ती डोळ्याला परत कमीच वाटते. मधोमध तिरका आला की भरीव दिसते. सुरुवातीला रुंद टोक एक-दीड सेंमी खाली-वर केलं की पट्टा सरकतो, आणि तेवढा लांबीतला फरक बकलपाशी खपून जातो. जागा सापडली की अरुंद टोकाच्या मागे दोऱ्याची एक बारीक खूण करून ठेवा. मोठ्या चौकड्यांनाही हेच लागू आहे, बारीक ठिपक्यांना याची गरज नाही कारण गाठीवर ते कसेही आले तरी सारखेच.

हे लिहिता लिहिता वाटतंय, अस्तरच बदललं तर? मागची शिवण एका सैल लांब धाग्याने हातशिवणीची आहे, टोकाशी तिची सुटी लूपही दिसते, म्हणजे उसवता येईल. आतलं पातळ अस्तर काढून थोडं जाड लोकरी अस्तर घालायचं, तेही टायसारखंच विणीला तिरकं कापलेलं, नाहीतर टाय लोंबताना पिळतो. मग कदाचित साधा फोर-इन-हँडही पुरेल. रुंदी ५.५ च राहणार, फक्त जाडी वाढेल, त्यामुळे खात्री नाही, पण लॅपलवाला भाग पुढे ढकलून आधी हेच करतोय. जुना एक टाय उसवून सराव करेन, मग याला हात लावेन. कोणी लोकरी अस्तर सुटं घेतलं असेल तर किती जाडीचं घेतलं ते सांगा, आणि जमलं तर तुमच्या टायची ५० सेंमीवरची रुंदी पण टाका.