बहिणीच्या बांगड्या आणि दुबईचा दर

मी शारजात एसीची कामं करतो. 2024 च्या गणपतीला चौदा महिन्यांनी घरी, गुहागरला निघालो होतो. धाकटीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं, आणि तिच्या दोन बांगड्या, वीस ग्रॅमच्या, मी दुबईहून आणाव्यात असं घरात सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. आत्येभावाने आधीच्या वर्षी आणल्या होत्या ना!

निघायच्या आठवड्यात आईने फोनवर पेपरातला भाव वाचून दाखवला: तोळ्याला 72,900. इकडे दुबईत, देऱ्याच्या सोनेबाजारात ग्रॅमला 280 दिर्हम. दिर्हमचे 22.80 रुपये धरले तर दहा ग्रॅमचे 63,840. तोळ्यामागे नऊ हजारांचा फायदा, दोन तोळ्यांना अठरा! त्या रात्री मी खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

चूक लक्षात आली ती दुकानात पाटी समोर दिसल्यावर. 280 हा बावीस कॅरेटचा भाव होता, आईने वाचला तो चोवीसचा. बांगड्या बावीसच्याच होतात. मग चिपळूणच्या आमच्या सोनाराला फोन लावला. त्याचा बावीसचा भाव 66,800 निघाला. म्हणजे खरा फरक तोळ्याला तीनेक हजारांचाच. (तोळाही विचारून घ्यावा लागतो. आपल्याकडे व्यवहारात दहा ग्रॅम, पण दुबईत बिस्किटाचा तोळा अजून जुन्या मापाचा, 11.664 ग्रॅमचा. मी दागिना ग्रॅमवर घेत होतो म्हणून वाचलो.)

तरी घेतल्या. सोन्याचे 5,600 दिर्हम, मजुरी ग्रॅमला वीसप्रमाणे 400, आणि त्या सगळ्यावर 5 टक्के व्हॅट, 300. एकूण 6,300, म्हणजे 1,43,640 रुपये. व्हॅट विमानतळावर परत मिळतो असं ऐकलं होतं, पण तो पर्यटकांना. माझ्याकडे तिथला रहिवासी व्हिसा, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

मुंबईला उतरल्यावर कस्टमला सामान दाखवायच्या लाल मार्गाने गेलो. वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या पुरुषाला वीस ग्रॅम दागिने माफ, एवढंच मला ठाऊक होतं आणि माझ्या बांगड्या बरोबर वीस ग्रॅमच्या. अधिकाऱ्याने पावती बघून शांतपणे सांगितलं, "वीस ग्रॅम, पण पन्नास हजारांपर्यंतच." त्या भावात पन्नास हजारांत आठ ग्रॅमसुद्धा बसत नव्हते. उरलेल्या 93,640 वर 6 टक्के शुल्क, 5,600 च्या आसपास. आणि तेही परकीय चलनात. नशिबाने पाकिटात तीनशे दिर्हम होते, नाहीतर पहाटे चार वाजता नोटा बदलत फिरलो असतो.

आरत्या, नैवेद्य, पाच दिवस असेच गेले. विसर्जनानंतर बांगड्या घेऊन चिपळूणला गेलो, मुद्दाम. म्हटलं, "अण्णा, ह्याच तुमच्याकडे केल्या असत्या तर?"

अण्णांनी आधी काट्यावर ठेवल्या. वीस भरल्या. मग कागद ओढला. सोनं 1,33,600, मजुरी दहा टक्के, वर 3 टक्के जीएसटी: 1,51,369. मी मनात वजाबाकी केली. माझ्या खरेदीत शुल्क मिळवून 1,49,240 होत होते. दोन हजार तरी वाचले!

"पण तुमच्या आईकडून मी दहा टक्के कधी घेतलेत?" अण्णांनी मजुरीचा आकडा खोडून आठ केला. 1,48,617. माझ्यापेक्षा सहाशे रुपयांनी स्वस्त.

"मग आत्येभावाला कसं परवडलं?" मी विचारलं.

"त्याच्या वेळी आयात शुल्क पंधरा टक्के होतं. आपल्याकडचा भाव तेवढा चढा, म्हणून दुबई स्वस्त. जुलैच्या बजेटात सहावर आणलं, तसा तो फरक आटला. आणि उरलाय तो फरक तुम्ही विमानतळावर भरलातच की. माफ असलेल्या पन्नास हजारांवर जे वाचलं तेवढंच तुमचं, तीन हजार. ते व्हॅटमध्ये गेलं."

दुबईचं सोनं जास्त शुद्ध असतं, हा आईचा शेवटचा मुद्दा होता. अण्णांनी बांगडीच्या आतला 916 चा, म्हणजे बावीस कॅरेटचा शिक्का भिंगाखाली दाखवला आणि आपल्या कपाटातली बांगडी शेजारी ठेवली. तोच आकडा. फरक एवढाच, अण्णांच्या बांगडीवर हॉलमार्कचा सहा अक्षरी ओळख क्रमांक, एचयूआयडी, होता, माझ्यावर नव्हता. "मोडायला आणाल तेव्हा आधी मशीनवर तपासून घेईन, एवढंच."

घरी आलो तेव्हा धाकटी बांगड्या हातात घालून फिरवत होती. म्हणाली, "दादा, छान आहेत रे. पण ह्या मनगटात सैल होतात."

दुसऱ्या दिवशी परत चिपळूणला.