केस मोकळे होते

“रस्त्यावर तर कुणाचाही फोटो काढता येतो. मग विचारायचं कशाला? आणि विचारलं की फोटोतला जीव जातो ना?”

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की हे कुणी ना कुणी विचारतंच. एके काळी मीही हेच म्हणायचो.

नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबा मंदिरात तुकोबांची पालखी होती. पहाटे शेजारच्या गल्लीत टँकरपाशी बायकांच्या आंघोळी चाललेल्या. तिकडे मी कॅमेरा वळवला नाही, आणि तेवढ्यावरच मी स्वतःला सभ्य समजत होतो. बाजूला एक आजी ट्रकला टेकून बसलेल्या. नुकतंच न्हाणं झालेलं, ओले केस पाठीवर, हातात रुपयाएवढा आरसा, त्यात बघून कपाळाला बुक्का लावत होत्या. गल्लीच्या पलीकडून, २०० मिलिमीटरच्या लेन्सने, मी तो क्षण टिपला. त्यांना कळलंही नाही. फोटो खूप फिरला.

पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन मी त्यांना शोधायला गेलो. अवघड नव्हतं, कारण फोटोत ट्रकवरचा दिंडीचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. मला सापडल्या तशा त्या कुणालाही सापडल्या असत्या, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आजींनी फोटो पाहिला आणि आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग फोटो मांडीवर पालथा ठेवला.

“केस मोकळे हायेत रं बाळा. किती जणांनी बघितला?”

मला आकडा माहीत होता. सांगता आला नाही.

“फाडू नगं, वारीतला हाय. पर कुणाला दावू नगं आता.”

घरी येऊन मी तो सगळीकडून काढून टाकला.

तेव्हापासून हजारोंच्या गर्दीचा फोटो मी न विचारता काढतो, त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. पण चौकटीत एकच चेहरा असेल तर कॅमेरा खाली घेऊन “राम कृष्ण हरी, माउली” म्हणतो आणि विचारतो. काढू का, हा एक प्रश्न. लोकांना दाखवू का, हा दुसरा. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नको म्हणणारे बरेच असतात. परवानगी मिळाली की तिथेच बसतो. पहिले चार-पाच फोटो ताठ येतात, मान वर, हात जोडलेले. पंधरा-वीस मिनिटांत माणसं आपल्या भाकरीकडे, गप्पांकडे वळतात आणि चेहरा पुन्हा त्यांचा होतो. कुणी “काढून टाक” म्हटलं तर त्यांच्यासमोर काढतो, आणि मोबाइल असेल तर ‘अलीकडे हटवलेले’मधूनही. नाहीतर तो महिनाभर तिथेच पडून असतो.

पण आरशातला तो फोटो विचारून मिळाला नसता, हे खरं आहे. इतका चांगला फोटो मी नंतर काढलेला नाही. तो काढायला नको होता का? काढला आणि फिरवला नसता, तर चाललं असतं का? मला अजून ठरवता येत नाही.

यंदाच्या एकादशीला तो पुन्हा माझ्या मोबाइलवर आला. आजींच्या ओल्या केसांवर कुणीतरी पिवळ्या अक्षरांत शुभेच्छा लिहिल्या होत्या.