एकशे चाळीस नाही, दोनशे सत्तेचाळीस ऐंशी

९ जून, सोमवार

रात्री आईने व्हॉट्सॲपवर चार स्क्रीनशॉट पाठवले, क्रम सोडून. पहिल्यात तिच्या मोबाइलच्या बिलाचा शेवट, दुसऱ्यात मधलाच तुकडा, तिसरा दोनदा आलेला. वर कोपऱ्यात बॅटरी १२ टक्के. खाली एकच ओळ: "हे एवढं कसं आलं रे?"

आईचा प्लॅन ३९९ चा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दर महिन्याला ४७०.८२. हा आकडा मला पाठ आहे. या वेळी बिल ६३६.०२ चं. फरक १६५.२० चा.

उत्तर चौथ्या स्क्रीनशॉटमध्ये होतं. "मूल्यवर्धित सेवा" या नावाखाली चार ओळी: ८, १५, २२ आणि २९ मे, प्रत्येकी ३५ रुपये. चारही गुरुवार. कसली तरी ज्योतिषाची सेवा. आईला विचारलं तर म्हणाली, "मी कशाला भविष्य विचारू? माझं झालं की सगळं." मग थोडं थांबून म्हणाली, "कीर्तन लावताना मध्येच काहीतरी आलं होतं खरं. बंद करायला गेले, ते कुठे दाबलं गेलं देव जाणे."

या दुसऱ्या वाक्याने मला अडवलं. तोवर मनात मेल तयारच होता: माझ्या आईने असली सेवा कधीच घेतली नाही, तुम्ही लुटारू आहात, वगैरे. पण तिचं बोट लागलं असेल, तर "तिने काहीच केलं नाही" हे मी कोणत्या तोंडाने लिहू? आणि कंपनीचं ठरलेलं उत्तरही तेच असतं: सेवा ग्राहकाच्या मोबाइलवरूनच सुरू झाली आहे.

खरं तर बोट लागलं की नाही, हा मुद्दाच नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या निर्देशाप्रमाणे अशी सेवा सुरू करायला ग्राहकाचा होकार दोनदा घ्यावा लागतो, आणि दुसरा होकार सेवा विकणाऱ्याच्या यंत्रणेवर नव्हे, वेगळ्या यंत्रणेवर नोंदवावा लागतो. एकदा चुकून बोट लागणं समजू शकतो, दोनदा नाही. त्यामुळे मेलमध्ये आईची बाजू मांडायचीच नाही, दोन्ही होकारांची नोंद मागायची.

आधी नळ बंद करायचा, म्हणून आईला फोनवरून सांगून तिच्याच मोबाइलवरून १५५२२३ वर STOP असा मेसेज पाठवायला लावला. हा क्रमांक सगळ्या कंपन्यांसाठी एकच आणि फुकट आहे. मेसेज त्याच नंबरवरून जावा लागतो, म्हणून मी पुण्यात आणि ती कराडला असताना हे वीस मिनिटांचं काम झालं. सेवा बंद झाल्याचा मेसेज आला. तोही स्क्रीनशॉट काढायला लावला. "आता हे फोटो तरी पुरे," म्हणाली.

१० जून

बिलाची पीडीएफ उतरवून घेतली. स्क्रीनशॉट दाखवायला ठीक, पण आईच्या चारपैकी एकावरही बिल क्रमांक नाही, खाते क्रमांक नाही, बिलाचा कालावधी नाही. असा तुकडा कोणाच्याही बिलाचा असू शकतो. म्हणून पीडीएफची दोन पानं आणि त्यासोबत ॲपमधले दोन नवे स्क्रीनशॉट, ज्यांत वरची नंबर असलेली पट्टी कापलेली नाही.

पीडीएफ चाळताना सहज मागच्या महिन्याचं बिल उघडलं. ५ एप्रिल ते ४ मे. त्यातही दोन ओळी! २४ एप्रिल आणि १ मे. बिल ५५३.४२ चं होतं आणि बँकेतून आपोआप कापलं गेलं होतं. बँकेचा आगाऊ मेसेज मलाच आला होता, रकमेसकट. मी वाचला नव्हता. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे सहा वेळा ३५, एकूण २१०. त्यावरचा कर ३७.८०. मागायची रक्कम २४७.८०. पहिल्या मसुद्यात मी १४० च लिहिले होते, करही विसरलो होतो. कंपनीने तेवढेच परत दिले असते आणि मी आभार मानून बसलो असतो.

शिवाय ॲपमध्ये अजून बिल न झालेल्या वापरात ५ जूनची एक ओळ दिसली. तोही गुरुवारच. ती पुढच्या बिलात येणार, म्हणून तिचाही उल्लेख केला.

मेल खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवला, नाहीतर "नोंदणीकृत पत्त्यावरून लिहा" एवढंच उत्तर येतं. इंग्रजीत लिहिला, मजकूर साधारण असा:

"वरील क्रमांकाच्या दोन बिलांत एका सेवेपोटी सहा वेळा ३५ रुपये लावले आहेत. तारखा व पानं सोबत जोडली आहेत. ही सेवा सुरू करण्यासाठी घेतलेल्या दोन्ही होकारांची तारीख, वेळ आणि माध्यम कळवावे. नोंद नसल्यास करासह २४७.८० रुपये परत करावेत आणि ५ जूनचे ३५ रुपये पुढील बिलात लावू नयेत. सेवा ९ जूनला बंद केली आहे. चालू बिल मुदतीत भरत आहोत, याचा अर्थ ही रक्कम मान्य आहे असा नाही. तक्रार क्रमांक कळवावा."

संताप कुठेच नाही. वाचताना थोडं अळणी वाटलं.

बिल पूर्ण भरलं. वादातली रक्कम अडवून ठेवावी असं आधी वाटत होतं, पण १६५ रुपयांसाठी आईचे बाहेर जाणारे कॉल बंद झाले तर? "भर बाबा," ती म्हणाली. संध्याकाळी तक्रार क्रमांक एसएमएसने आला. वहीत लिहून ठेवला.

१३ जून

उत्तर आलं. शुल्क योग्य आहे, सेवा ग्राहकाच्या मोबाइलवरूनच सुरू झाली आहे, आपला दिवस शुभ जावो. होकारांविषयी एक अक्षर नाही. हे ज्याने पाठवलं त्याने माझा मेल विषयापलीकडे वाचला असेल, असं वाटत नाही.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीच्या आतच दुसरी पायरी असते, अपील प्राधिकरण, आणि त्याला फी नाही. तक्रार क्रमांक देऊन तिथे अपील केलं. नवं काहीच लिहिलं नाही, फक्त एक वाक्य जोडलं: "मी दोन होकारांची नोंद मागितली होती, उत्तरात ती नाही."

२७ जून

फोन आला. बाई नम्र होत्या. "सर, सदिच्छा म्हणून आम्ही रक्कम परत करतो आहोत." नोंद आहे का, असं विचारलं. "सर, रक्कम परत होते आहे ना." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. नोंद नसावी, असं मी समजलो.

५ जुलै

बिल आलं. परतावा म्हणून २१० वजा, त्यावरचा करही वजा. मनात हिशेब होता, ३९९ मधून २१० गेले की करासह २२३.०२. बिल मात्र २६४.३२ चं.

फरक ४१.३०. ५ जूनचे ३५ आणि त्यावरचा कर.

आईला फोन केला. म्हणाली, "जाऊ दे की आता, एकेचाळीस रुपये." मी वही उघडून जुना तक्रार क्रमांक शोधतो आहे.